हत्ती गेला, शेपूट राहिलं? ‘नव्वद टक्के झालं’ या उत्तरामागचं गणित

‘किती काम झालं?’ या प्रश्नाला आपल्याकडे एक ठरलेलं उत्तर आहे: ‘झालंच की सर, नव्वद टक्के झालं.’ पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारलं तर पुन्हा नव्वद टक्के. त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच. घराचं बांधकाम असो, लग्नाच्या अल्बमचं काम असो किंवा तुमचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प असो, हा नव्वदचा आकडा एकदा आला की तिथेच मुक्काम ठोकतो.

आपण अशा वेळी म्हणतो, हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. या म्हणीत एक गोष्ट गृहीत धरलेली असते: राहिलंय ते शेपूटच आहे. आज आपण नेमकं हेच तपासणार आहोत. एखादं काम आठवडेच्या आठवडे नव्वद टक्क्यांवर अडकतं तेव्हा बहुतेक वेळा राहिलेलं काम शेपटाएवढं नसतं. दाराबाहेर आणखी एक हत्ती उभा असतो आणि आपल्या मोजपट्टीला तो दिसत नसतो.

एका खऱ्या प्रकल्पाच्या आधाराने हे समजून घेऊ. संस्थेचं आणि मुलांचं नाव सांगत नाही. हिशोब डोक्यात राहावा म्हणून आकडे थोडे गोल केले आहेत.

प्रकल्प काय होता?

एका तंत्रनिकेतनातले चार विद्यार्थी ग्रंथालयासाठी पुस्तकांच्या देवघेवीची संगणक प्रणाली तयार करत होते. मार्गदर्शक मी होतो. चौघांनी कामं वाटून घेतली. त्यातलं एक काम दोघांकडे होतं: ग्रंथालयातल्या जुन्या एक्सेल फाइलमधल्या ८,००० पुस्तकांच्या नोंदी नव्या प्रणालीत आणायच्या. दोघांनी मिळून ४० तासांचा अंदाज दिला आणि तीन आठवड्यांत संपवू असं सांगितलं.

आमच्याकडे दर शनिवारी प्रकल्पाची वही तपासली जायची. वहीत एक रकाना होता, ‘पूर्ण झालेले काम (टक्के)’. मुलं आकडा लिहायची, मी खाली सही करायचो. त्या कामाच्या नोंदी अशा होत्या:

पहिला आठवडा: ४० टक्के
दुसरा आठवडा: ७५ टक्के
तिसरा आठवडा: ९० टक्के
चौथा ते आठवा आठवडा: प्रत्येक वेळी ९० टक्के

नीट बघा. पहिल्या तीन आठवड्यांत काम धावत होतं. चौथ्या आठवड्यापासून ते जागचं हललं नाही. आणि मी पाच वेळा त्या नव्वदखाली सही केली. मुलं खोटं बोलत होती का? अजिबात नाही. हीच या धड्यातली समजून घेण्याची गोष्ट आहे.

नव्वद आला कुठून?

मुलांनी तो आकडा दोन पद्धतींनी काढला होता आणि दोन्हींत तो बरोबर येत होता.

पहिली पद्धत नोंदी मोजण्याची. ८,००० पैकी ७,२०० पुस्तकं नव्या प्रणालीत गेली होती. ७,२०० भागिले ८,००० म्हणजे ९० टक्के. दुसरी पद्धत तास मोजण्याची. अंदाज ४० तासांचा होता आणि तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी ३६ तास काम झालं होतं. ३६ भागिले ४० म्हणजे पुन्हा ९० टक्के. दोन्ही पट्ट्या एकच आकडा दाखवतायत म्हटल्यावर शंका कोण घेणार?

पण या दोन्ही पट्ट्यांत एकच खोट आहे. नोंदी मोजताना आपण धरून चालतो की प्रत्येक नोंदीला सारखेच कष्ट लागतात. तास मोजताना आपण धरून चालतो की सुरुवातीचा ४० तासांचा अंदाज बरोबरच होता. अपूर्णांकात वर काय लिहायचं हे मुलांना नेमकं माहीत होतं, कारण ते होऊन गेलेलं काम होतं. खालचा आकडा, म्हणजे एकूण काम, तीन आठवड्यांपूर्वीचा होता आणि तो पुन्हा कोणी तपासलाच नव्हता. छेद चुकला की अंश कितीही प्रामाणिक असला तरी टक्केवारी चुकतेच.

तासांच्या पट्टीची आणखी एक गंमत आहे. चौथ्या आठवड्यात आणखी ९ तास काम झालं, म्हणजे एकूण ४५ तास. जुन्याच हिशोबाने टक्केवारी काढली तर ती ११२ च्या पुढे जाते. वहीत ‘११२ टक्के’ असं कोण लिहील? आणि ‘१०० टक्के’ लिहावं तर काम दाखवावं लागेल. मग हात आपोआप पुन्हा नव्वदवरच थांबतो. म्हणजे चौथ्या आठवड्यापासून वहीतला नव्वद हा मोजून आलेला आकडा राहिलाच नव्हता. ती फक्त थांबण्याची जागा झाली होती.

दाराबाहेरचा हत्ती

आता राहिलेल्या ८०० नोंदींकडे वळू. ७,२०० पुस्तकं इंग्रजी होती, बहुतेक अभियांत्रिकीची. ८०० मराठी होती आणि एक्सेलमध्ये त्यांचं पान वेगळं होतं. मुलांनी सोपं काम आधी उरकलं, हे स्वाभाविक आहे. अडचण मराठी पानावर होती.

ती नावं बरीच वर्षं जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली होती. यातली मेख अशी की कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये संगणक मराठी अक्षरं साठवतच नाही. तो साठवतो साधी इंग्रजी अक्षरं, आणि फाँट त्यांच्यावर मराठी अक्षराचा मुखवटा चढवतो. तो फाँट काढून घेतला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. ‘कविता’ हा शब्द फाइलमध्ये खरं तर असा असतो:

```
कविता  =  dfork
दिवस   =  fnol
कर्म    =  deZ
```

तुम्ही म्हणाल, मग एक तक्ता करू. d म्हणजे क, f म्हणजे ि, o म्हणजे व, r म्हणजे त, k म्हणजे ा. प्रोग्राम लिहून बदलून टाकू. मुलांनी हेच केलं, आणि ‘कविता’ची झाली ‘किवता’!

असं का झालं? जुन्या फाँटमध्ये अक्षरं डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने टाइप केलेली असतात. पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे दिसते, म्हणून ती आधी येते आणि ‘व’ नंतर. युनिकोडमध्ये मात्र उच्चाराचा क्रम पाळतात: आधी ‘व’, मग वेलांटी. नुसती अक्षरामागे अक्षर अदलाबदल केली की वेलांटी आधीच्या ‘क’ला जाऊन चिकटते. रफाराचं याच्या उलट आहे. जुन्या फाँटमध्ये तो ‘म’च्या नंतर टाइप होतो, युनिकोडमध्ये ‘म’च्या आधी यावा लागतो. म्हणून ‘कर्म’चं ‘कमर्’ होतं. जोडाक्षरं आली की गुंता आणखी वाढतो, कारण वेलांटीला नेमकी किती अक्षरं ओलांडून पलीकडे न्यायची हे ठरवावं लागतं.

एवढ्यावर भागलं नाही. त्या पानावर वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या लोकांनी टाइप केलेलं होतं. काही नावं एका जुन्या फाँटमध्ये, काही दुसऱ्या, आणि अलीकडची थोडी युनिकोडमध्ये. प्रत्येक जुन्या फाँटचा तक्ता निराळा असतो. मुलांनी मूळ फाइल सीएसव्ही करून घेतली होती, आणि सीएसव्ही फाइलमध्ये फाँटची माहिती राहतच नाही. त्यामुळे कोणत्या ओळीला कोणता तक्ता लावायचा हे कळायला मार्ग नव्हता.

आता वहीतल्या नव्वदकडे पुन्हा बघा. नोंदींच्या हिशोबाने राहिलेलं काम दहा टक्के होतं. पण ते आधीच्या कामासारखं नव्हतंच. ते वेगळ्याच जातीचं काम होतं, आणि त्या जातीच्या कामाचा एक तासही ४० तासांच्या अंदाजात धरलेला नव्हता.

पाच आठवडे मुलं काय करत होती?

रिकामी बसली नव्हती. एका आठवड्यात तक्ता केला, वेलांट्या चुकल्या. पुढच्या आठवड्यात वेलांट्या सुधारल्या, तेव्हा रफार बिघडले. मग इंटरनेटवर मिळालेलं एक रूपांतराचं साधन वापरून पाहिलं. ते एका फाँटला चाललं, दुसऱ्या फाँटचा कचरा झाला. दर शनिवारी त्यांना मनापासून वाटायचं की आता एवढं एकच राहिलंय. एक चूक दिसायची, ती दुरुस्त केली की तिच्यामागे लपलेली दुसरी दिसायची.

आठव्या शनिवारी मी सही करता करता थांबलो आणि विचारलं,

“मागच्या वेळीही नव्वदच होतं ना?”

“हो सर. थोडंसंच राहिलंय.”

“थोडंसं म्हणजे काय काय?”

“मराठी पुस्तकं.”

“ती तर महिन्याभरापूर्वीपासून राहिलीयेत. त्यात नेमकं काय राहिलंय ते लिहून दे.”

दोघं एकमेकांकडे बघायला लागली. कारण ते आजवर कोणी विचारलं नव्हतं आणि त्यांनीही कधी कागदावर मांडलं नव्हतं. अर्धा तास बसून आम्ही यादी केली:

१. मूळ एक्सेलकडे परत जाऊन प्रत्येक ओळीचा फाँट शोधणे: ६ तास
२. दोन्ही फाँटचे तक्ते आणि वेलांटी-रफाराचे नियम पूर्ण करणे: १४ तास
३. रूपांतर झालेली ८०० नावं ग्रंथपाल मॅडमबरोबर डोळ्यांखालून घालणे, एका नावाला साधारण एक मिनिट: १४ तास
४. चिठ्ठ्यांवरच्या नोंदी भरणे: ५ तास

एकूण ३९ तास. सुरुवातीचा पूर्ण कामाचा अंदाज होता ४० तासांचा! म्हणजे आठ आठवड्यांनंतरही मूळ कामाएवढंच काम समोर उभं होतं. यालाच मी दुसरा हत्ती म्हणतो.

आता खरी टक्केवारी काढू. सूत्र सोपं आहे: झालेले तास भागिले, झालेले अधिक उरलेले तास. आठव्या आठवड्यापर्यंत ८१ तास झाले होते, ३९ उरले होते, एकूण १२०. म्हणजे ८१ भागिले १२०, साडेसदुसष्ट टक्के. आणि तिसऱ्या आठवड्यात वहीत पहिल्यांदा नव्वद लिहिलं तेव्हा? ३६ भागिले १२०, म्हणजे ३० टक्के. वही ९० म्हणत होती, काम ३० वर होतं.

चुकीच्या आकड्याची किंमत कोण देतं?

वरच्या यादीतला चौथा मुद्दा पुन्हा वाचा. या चिठ्ठ्या कुठून आल्या? तिसऱ्या आठवड्यात ग्रंथपाल मॅडमना कळलं की नवी प्रणाली नव्वद टक्के तयार आहे, पुढच्या सोमवारी सुरू होईल. त्यांनी जुन्या एक्सेलमध्ये नोंदी करणं थांबवलं. दोन ठिकाणी काम कशाला, म्हणून मराठी पुस्तकांची देवघेव त्या चिठ्ठ्यांवर लिहू लागल्या. तो सोमवार पाच आठवडे आलाच नाही. चिठ्ठ्यांचा गठ्ठा वाढत गेला, दोन चिठ्ठ्या हरवल्या आणि एका विद्यार्थ्याला त्याने परत केलेल्या पुस्तकाचा दंड भरायला सांगितला गेला. तो बिचारा माझ्याकडे आला तेव्हा मला हा सगळा उलगडा झाला, आणि त्याच शनिवारी मी सही करताना थांबलो.

म्हणजे अहवालातला आकडा नुसता वहीत बसून राहत नाही. त्याच्या भरवशावर दुसरं कोणीतरी निर्णय घेतं. चुकीच्या नव्वदने पाच तासांचं नवं काम जन्माला घातलं आणि ज्याचा काही दोष नव्हता त्याच्यावर ठपका आला.

ही गोष्ट फक्त विद्यार्थ्यांची नाही

संगणक क्षेत्रात हा अनुभव फार जुना आहे. आयबीएमच्या ओएस/३६० या प्रचंड प्रणालीच्या कामाचे प्रमुख राहिलेले फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ साली ‘द मिथिकल मॅन-मंथ’ हे पुस्तक लिहिलं. प्रोग्राम लिहिण्याला जेवढा वेळ लागतो त्यातला निम्मा वेळ ते काम ‘नव्वद टक्के झालं’ असंच सांगितलं जातं, असं निरीक्षण त्यांनी त्यात नोंदवलं आहे. बेल लॅब्जमधल्या टॉम कारगिल यांचा एक विनोदी नियम १९८५ साली जॉन बेंटली यांनी आपल्या सदरात छापला. त्याचा आशय असा: पहिल्या नव्वद टक्के कामाला नव्वद टक्के वेळ लागतो, आणि उरलेल्या दहा टक्के कामाला आणखी नव्वद टक्के वेळ लागतो. बेरीज १८० टक्के होते, विनोद तिथेच आहे. आमच्या प्रकल्पात तर ती ३०० टक्के झाली, ४० तासांचे १२०!

बांधकामातही हेच घडतं. बर्लिनचा नवा विमानतळ ३ जून २०१२ रोजी सुरू होणार होता. चार आठवडेही उरले नव्हते तेव्हा, ८ मे रोजी, उद्घाटन रद्द झाल्याचं जाहीर झालं. इमारत तर डोळ्यांसमोर उभी होती. अडलं होतं ते अग्निसुरक्षेच्या यंत्रणेत, मुख्यतः आग लागल्यास धूर बाहेर काढण्याच्या व्यवस्थेत. तो विमानतळ अखेर ३१ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झाला, म्हणजे आठ वर्षांहून अधिक उशिराने. भिंती, काचा, फरशी दिसतात, म्हणून त्या मोजल्या जातात. सगळे भाग एकत्र जोडून चालवल्यावरच ज्याचा दोष कळतो, ते काम मात्र शेवटी येतं.

नव्वद खरं की अडकलेलं, कसं ओळखायचं?

पहिली खूण: तोच आकडा लागोपाठ दोन आठवडे आला आणि त्या काळात काम तर चालू होतं. काम चालू असून आकडा हलत नसेल, तर मोजपट्टीच्या बाहेर काहीतरी चाललं आहे.

दुसरी खूण: संपण्याची तारीख दर आठवड्याला बरोबर एका आठवड्याने पुढे जाते. ‘पुढच्या सोमवारी’ हे उत्तर तीन सोमवार ऐकू आलं तर समजा की ती तारीख हिशोबातून निघालेली नाही.

तिसरी खूण सगळ्यात पक्की: ‘काय राहिलंय?’ याचं उत्तर यादीत मिळत नाही. ‘थोडंसं’, ‘फिनिशिंग’, ‘किरकोळ’, ‘टेस्टिंग’ असा एकच गोल शब्द मिळतो. शेपूट असेल तर ते मोजून सांगता येतं. हत्ती असेल तरच गोल शब्द लागतो.

एक अपवाद लक्षात ठेवा. कधी कधी काम खरोखरच संपलेलं असतं आणि कोणाच्या तरी सहीसाठी, परवानगीसाठी किंवा येणाऱ्या सामानासाठी अडलेलं असतं. तिथे नव्वद न लिहिता ‘थांबलं आहे’ असं लिहावं, कोणाकडे आणि कोणत्या तारखेपासून हेही लिहावं. म्हणजे अडचण कुठे आहे ते वाचणाऱ्याला लगेच कळतं.

मग विचारायचं काय आणि लिहायचं काय?

त्या शनिवारनंतर मी वहीतला टक्क्यांचा रकाना खोडला आणि तीन बदल केले.

पहिला बदल म्हणजे ‘किती झालं?’ ऐवजी ‘काय काय राहिलंय, आणि प्रत्येकाला किती तास?’ हा प्रश्न. उत्तर दर आठवड्याला नव्याने द्यायचं, जुन्या अंदाजाकडे न बघता. उरलेले तास वाढले तरी चालतील. तासांचा आकडा वाढला तर मुलांना बोलायचं नाही, हे मात्र मला स्वतःला शिकावं लागलं. कारण ‘अरे, मागच्या वेळी कमी होते, आता जास्त कसे?’ असं एकदा दरडावलं की पुढच्या वेळेपासून पुन्हा नव्वदच ऐकायला मिळतं. नव्वद हा आकडा फार सोयीचा आहे. तो सांगितला की कोणी रागावत नाही आणि काम दाखवावंही लागत नाही.

दुसरा बदल म्हणजे कामाचे लहान तुकडे करायचे, आणि प्रत्येक तुकडा एक तर ‘झाला’ किंवा ‘नाही झाला’. मधलं काही नाही. प्रकल्प व्यवस्थापनात याला शून्य-शंभर नियम म्हणतात. तुकडा आठवड्याच्या आत संपेल एवढा लहान हवा, आणि ‘झाला’ म्हणजे काय ते आधी लिहिलेलं हवं. ‘मराठी नोंदी आणल्या’ हे नीट लिहिलेलं नाही. ‘शोधपेटीत कविता टाइप केल्यावर त्या नावाची सगळी पुस्तकं दिसतात’ हे नीट आहे, कारण ते करून दाखवता येतं.

या नियमाला मर्यादाही आहे. तुकडा दीड महिन्याचा असेल तर दीड महिना शून्यच दिसेल आणि काही कळणार नाही. काही जण म्हणतात, मग सुरू केल्यावर ५० आणि संपल्यावर ५० द्या. तेही चालतं, पण मग सगळे तुकडे नुसते सुरू करून ठेवण्याचा मोह होतो. दहा तुकड्यांपैकी एकही पूर्ण नाही आणि अहवालात प्रकल्प ५० टक्के! म्हणून शिकाऊ प्रकल्पात तरी मी शून्य-शंभरच वापरतो.

तिसरा बदल मला सगळ्यात उपयोगी वाटतो. सोपं ढीगभर काम आधी उरकण्याऐवजी प्रत्येक जातीचा एक नमुना आधी टोकापर्यंत न्यायचा. पहिल्याच आठवड्यात ५ इंग्रजी आणि ५ मराठी पुस्तकं निवडून ती नव्या प्रणालीत आणली असती, शोधून दाखवली असती, एक देवघेव करून पाहिली असती, तर ‘किवता’ पहिल्याच शनिवारी दिसली असती. अंदाज तेव्हाच ४० वरून १०० च्या पुढे गेला असता. काम तेवढंच राहिलं असतं, पण मॅडमनी एक्सेल बंद केलं नसतं, आणि त्या मुलाला दंडाची चिठ्ठी मिळाली नसती. लहान तुकडे करूनही न दिसणारा हत्ती या पद्धतीने बराच लवकर दिसतो, कारण तुकडे आपण आपल्या माहितीप्रमाणे करतो, आणि नमुना आपल्याला माहीत नसलेलं दाखवतो.

त्या प्रकल्पाचं पुढे काय झालं? उरलेल्या ३९ तासांना प्रत्यक्षात थोडे जास्तच लागले, पण आता दर शनिवारी यादीतली एक-एक ओळ खोडली जात होती. परीक्षेच्या आधी प्रणाली सुरू झाली, आणि मी ग्रंथपाल मॅडमबरोबर जाऊन त्या विद्यार्थ्याचा दंड रद्द करून घेतला.

स्वतः सोडवून पाहा

एका गटाचा अंदाज २० तासांचा होता. एका शनिवारी त्यांचे १८ तास झाले होते आणि यादीप्रमाणे १२ तासांचं काम उरलं होतं. पुढच्या शनिवारी एकूण २६ तास झाले, आणि उरलेल्या कामाची नवी यादी पुन्हा १२ तासांचीच निघाली.

(अ) पहिल्या शनिवारी जुन्या अंदाजाने किती टक्के दिसेल आणि खरी टक्केवारी किती?
(आ) दुसऱ्या शनिवारी खरी टक्केवारी किती?
(इ) या दोन शनिवारांमध्ये काम पुढे सरकलं का?

उत्तरं: (अ) जुन्या अंदाजाने ९० टक्के. खरी टक्केवारी १८ भागिले ३०, म्हणजे ६०. (आ) २६ भागिले ३८, म्हणजे सुमारे ६८ टक्के. (इ) टक्केवारी वाढलेली दिसते, पण उरलेलं काम एक तासानेही कमी झालेलं नाही. आठ तास काम केलं आणि तेवढंच नवं काम सापडलं. या गटाची अडचण अजून पूर्ण उघड झालेली नाही, आणि दुरुस्त केलेली टक्केवारीसुद्धा ती झाकते आहे. म्हणून अहवाल वाचताना आधी उरलेल्या तासांकडे बघा, टक्क्यांकडे नंतर.